कर्जात पाच लाख भरले, आता हप्ता कमी करायचा की मुदत?

दिवाळीचा बोनस, मुदत पूर्ण झालेली विमा पॉलिसी, गावाकडच्या जमिनीच्या वाटणीतून आलेली रक्कम. असा एकरकमी पैसा हाती आला की डोक्यावर घरकर्ज असलेल्या घरात पहिला विचार हाच येतो, की थोडं कर्ज फेडून टाकू. बँकेच्या शाखेत अर्ज लिहिला जातो, चेक जोडला जातो आणि काउंटरच्या पलीकडून प्रश्न येतो, "ताई, मुदत कमी करायची की ईएमआय?" बहुतेक जण तिथंच उभ्याउभ्या उत्तर देतात. काही जण "तुम्हीच काय ते बघा" म्हणतात, आणि मग जे बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून ठरलेलं असतं तेच होतं. या एका खुणेवर पुढच्या काही वर्षांचे काही लाख रुपये अवलंबून असतात. ते कसे, हे समजायला एखादं कर्ज आकड्यांसकट उलगडून पाहावं लागतं.

उदाहरणादाखल नाशिकचं एक जोडपं घेऊ. तो सातपूरच्या कारखान्यात नोकरीला, ती शाळेत शिक्षिका. फ्लॅटसाठी त्यांनी ४० लाखांचं कर्ज काढलं, फ्लोटिंग दरानं, म्हणजे बाजारातल्या दराबरोबर वरखाली होणाऱ्या व्याजानं. हिशोब सोपा राहावा म्हणून दर ८.५ टक्क्यांवर स्थिर आहे असं धरू. मुदत २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते. महिन्याचा हप्ता येतो ३४,७१३ रुपये.

चार वर्षं त्यांनी एकही हप्ता चुकवला नाही. ४८ हप्त्यांत मिळून सुमारे १६ लाख ६६ हजार रुपये बँकेला गेले. त्यातलं मुद्दल किती फिटलं? जेमतेम ३ लाख ६३ हजार. उरलेले १३ लाख ३ हजार व्याजात गेले. आजही त्यांच्या नावावर ३६ लाख ३७ हजारांचं कर्ज उभं आहे. बँकेचा उतारा पहिल्यांदा नीट वाचणाऱ्या कुणालाही हा आकडा चटका लावतो. यात फसवणूक मात्र काही नाही. व्याज दर महिन्याला शिल्लक मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला मुद्दल मोठं असतं. पहिल्याच हप्त्यात २८,३३३ रुपये व्याजाचे होते आणि मुद्दलाच्या वाट्याला आले फक्त ६,३८०. जसजसं मुद्दल घटतं तसतसा व्याजाचा भाग आक्रसतो, पण हे फार सावकाश होतं.

आता त्यांच्या हाती पाच लाख आले आणि त्यांनी ते कर्जात भरले. हीच अंशतः मुदतपूर्व परतफेड, शाखेच्या भाषेत 'पार्ट पेमेंट'. शिल्लक राहिली ३१ लाख ३७ हजार. इथून दोन वाटा फुटतात.

पहिल्या वाटेनं हप्ता आहे तेवढाच राहतो आणि मुदत घटते. उरलेले १९२ हप्ते एकदम १४५ वर येतात आणि शेवटचा हप्ताही थोडा लहान असतो. ४७ हप्ते, म्हणजे चार वर्षांना एकच महिना कमी, हा काळ कर्जातून निघून गेला. पुढं भरायच्या व्याजात बचत होते ११ लाख ३९ हजारांची.

पाच लाख भरून अकरा लाख कसे वाचतात, याचं कोडं अनेकांना पडतं. बँकेकडून मिळणारं परतफेडीचं वेळापत्रक समोर ठेवलं की ते सुटतं. त्या कागदावर प्रत्येक हप्त्यापुढे व्याज किती आणि मुद्दल किती हे दोन रकान्यांत लिहिलेलं असतं. एकोणपन्नासाव्या हप्त्यापासून मुद्दलाचा रकाना बेरीज करत खाली उतरत जायचं. ८,९५२ रुपये, मग त्याहून थोडे जास्त, मग आणखी थोडे. सत्तेचाळीस ओळी उतरल्यावर ही बेरीज पाच लाखांच्या जवळ पोचते. म्हणजे त्या ४७ ओळींमधलं मुद्दल आजच फिटलं. मग त्याच ओळींमध्ये शेजारच्या रकान्यात लिहिलेलं अकरा लाखांवरचं व्याज लागायचं कारणच उरत नाही.

दुसऱ्या वाटेनं मुदत तशीच, १९२ महिने, आणि हप्ता घटतो. नवा हप्ता २९,९४० रुपये, म्हणजे दरमहा ४,७७२ रुपये मोकळे. या वाटेवर व्याजाची बचत होते ४ लाख १६ हजारांची.

अकरा लाख एकोणचाळीस हजार आणि चार लाख सोळा हजार. फरक सव्वासात लाखांचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून "मुदतच कमी करा" असा सल्ला सगळीकडे दिला जातो. बहुतेकांसाठी तो बरोबरही असतो. पण त्यामागचं कारण सहसा सांगितलं जात नाही, आणि ते कळल्याशिवाय स्वतःच्या घरासाठी निर्णय घेता येत नाही.

पाच लाखांवर वाचणारं व्याज दोन्ही वाटांवर एकाच दरानं वाचतं, साडेआठ टक्क्यांनी. बँक मुदत कमी करणाऱ्याला जास्त सूट देत नाही आणि हप्ता कमी करणाऱ्याला दंडही करत नाही. सव्वासात लाखांचा सगळा फरक येतो तो त्या ४,७७२ रुपयांतून. पहिल्या वाटेवर ते दर महिन्याला हप्त्यातून कर्जातच जात राहतात, म्हणजे दर महिन्याला एक छोटी जादा परतफेड होते. दुसऱ्या वाटेवर ते घरात राहतात. समजा या जोडप्यानं हप्ता कमी करून घेतला, पण सुटलेले ४,७७२ रुपये दर महिन्याला न चुकता पुन्हा कर्जखात्यात भरले, तर त्यांचंही कर्ज त्याच १४५व्या महिन्यात संपेल आणि बचतही तेवढीच होईल.

तेव्हा काउंटरवरच्या प्रश्नाचा खरा अर्थ असा, की हे पावणेपाच हजार दरमहा घरखर्चाला लागणार आहेत का, आणि लागणार नसतील तर ते नेमके कुठे जातील? हप्ता कमी करून सुटलेले पैसे आवर्ती ठेवीत टाकू असं कुणी म्हणेल, पण तिथं मिळणारं व्याज सहसा कर्जाच्या दरापेक्षा कमी असतं आणि त्यावर आयकरही लागतो. वाचलेलं व्याज हे उत्पन्न धरलं जात नाही, त्यामुळे त्यावर कर नाही. तीस टक्क्यांच्या कर टप्प्यातल्या माणसाला कर्जफेडीतून सुटणाऱ्या साडेआठ टक्क्यांची बरोबरी करायची, तर ठेवीवर बारा टक्क्यांहून जास्त व्याज मिळायला हवं. तसं खात्रीचं व्याज देणारी ठेव कुठली चांगली बँक देत नाही. आणि ठेवीतही न टाकता ते पैसे नुसते खात्यात राहिले, तर महिनाअखेरीस ते कुठे गेले हे कुणालाच सांगता येत नाही. हप्ता तोच ठेवण्यात एक शिस्त आपोआप येते, आणि माझ्या मते या वाटेचं खरं मोल त्या शिस्तीत आहे.

हप्ता कमी करणं शहाणपणाचं ठरतं अशीही घरं आहेत. दोघांपैकी एकाची नोकरी सुटणार आहे, बाळंतपणासाठी बिनपगारी रजा घ्यायची आहे, धंद्यातली आवक महिन्यागणिक बदलते, किंवा मुलाच्या शिक्षणासाठी वर्षभरात दुसरं कर्ज काढायचं आहे. नवं कर्ज देताना बँक पगारातला किती हिस्सा आधीच हप्त्यांत जातो हे पाहते, त्यामुळे चालू कर्जाचा हप्ता कमी झाला की नव्या कर्जाला जागा होते. अशा घरात हप्ता ताणून धरला आणि तीन-चार महिन्यांनी तो चुकू लागला, तर वाचवलेल्या व्याजापेक्षा नुकसान मोठं. एकदा मुदत कमी केली की पुढं अडचणीत ती वाढवून देण्याचं बँकेवर बंधन नसतं, आणि आर्थिक अडचणीमुळे वाढवून मिळाली तर ती कर्जाची पुनर्रचना धरली जाऊन क्रेडिट रेकॉर्डवर तशी नोंद येऊ शकते. उलट हप्ता कमी करून घेतलेल्या माणसाला चांगल्या महिन्यात जास्तीचे पैसे भरायला कुणी अडवत नाही. फक्त जादा भरण्याची किमान रक्कम किती, हे आपल्या बँकेत आधी विचारून ठेवावं. काही ठिकाणी एक-दोन हप्त्यांएवढी रक्कम असल्याशिवाय पार्ट पेमेंट घेत नाहीत.

निवृत्तीचा हिशोबही यातच बसतो. नाशिकच्या त्या गृहस्थांचं वय आज ४६ असेल तर १९२ महिने म्हणजे ते ६२ वर्षांचे होईपर्यंत हप्ता चालणार, पगार बंद झाल्यावरही. मुदत कमी केली तर तोच हप्ता अठ्ठावन्न वर्षं पुरी होऊन थोडेच दिवस झाले असताना संपतो. त्यांच्यासाठी सव्वासात लाखांपेक्षाही हे कारण मोठं आहे.

पैसे केव्हा भरले यानंही फार फरक पडतो. हेच पाच लाख त्यांनी चौथ्या वर्षाऐवजी सोळाव्या वर्षाच्या अखेरीस भरले असते, तर तोवर कर्ज उरलं असतं १४ लाख ८ हजार आणि व्याजातली बचत झाली असती दीड लाखाच्या थोडी वर. सोळाव्या वर्षी त्या पाच लाखांना काम करायला चारच वर्षं मिळतात, चौथ्या वर्षी सोळा. कर्जाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात भरलेला रुपया सर्वांत जास्त फळतो तो यामुळे. म्हणून हाताशी असलेले सगळे पैसे कर्जात ओतून टाकावेत असं मात्र मुळीच नाही. कर्जात भरलेला पैसा परत काढता येत नाही. दोन महिन्यांनी घरात कुणाला दवाखान्यात ठेवायची वेळ आली आणि हाताशी काही नसलं, तर साडेआठ टक्क्यांचं कर्ज फेडून चौदा टक्क्यांचं वैयक्तिक कर्ज काढावं लागतं. चार-सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते बाजूला ठेवून जे उरेल तेच भरावं. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी काही बँकांत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं घरकर्ज असतं. स्टेट बँकेचं मॅक्सगेन हे त्यातलं सर्वांत परिचित. त्यात खात्यात जास्तीचे पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि गरजेला ते काढताही येतात.

कर वाचणार नाही म्हणून कर्ज फेडायला कचरणारे पुष्कळ आहेत. जुन्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट वर्षाला जास्तीत जास्त दोन लाख रुपये मिळते. एकाच्या नावावर कर्ज आहे असं धरलं, तर आपल्या उदाहरणात पाचव्या वर्षाचं व्याज तीन लाखांच्या पुढं होतं आणि पाच लाख भरल्यावरही ते अडीच लाखांच्या वरच राहतं. म्हणजे कराच्या वजावटीत एका रुपयाचाही फरक पडला नाही. नव्या कररचनेत राहत्या घरासाठी ही वजावटच नाही, तेव्हा तिथं हा प्रश्न उद्भवत नाही.

अर्ज दिल्यावर काम खरंच झालं का, हे पाहणं कर्जदाराचं काम. इथं नेहमी होणारा एक घोटाळा आहे. भरलेली रक्कम मुद्दलात वळती न होता खात्यात नुसती जमा दिसते आणि पुढच्या हप्त्यांचं आगाऊ पेमेंट म्हणून पडून राहते. मग पाच लाख भरूनही व्याज पूर्वीइतकंच लागत राहतं. हे ओळखायची खूण साधी आहे. भरलेल्या रकमेवरचं एका महिन्याचं व्याज काढायचं. पाच लाखांवर साडेआठ टक्क्यांनी ते येतं सुमारे ३,५४२ रुपये. पुढच्या हप्त्यात व्याजाचा भाग तेवढ्यानं घटलेला दिसला पाहिजे. आपल्या उदाहरणात तो २५,७६१ वरून २२,२१९ वर यायला हवा. बँक रोजच्या शिल्लकीवर व्याज काढत असेल तर, आणि रक्कम महिन्याच्या मध्येच भरली असेल तर त्या महिन्यात आकडा थोडा मागंपुढं होतो. पण दुसऱ्या महिन्यातही तो जागचा हलला नसेल, तर त्याच आठवड्यात शाखेत जाऊन पैसे मुद्दलात वळते करायला लेखी सांगावं.

अर्जातही दोन ओळी स्पष्ट लिहाव्यात. 'रक्कम मुद्दलात जमा करावी' ही एक आणि 'हप्ता कायम ठेवून मुदत कमी करावी' किंवा उलट, ही दुसरी. त्यावर शाखेचा शिक्का आणि पोच घ्यावी, आणि नवं वेळापत्रक मागून घ्यावं. हप्ता कमी करून घेतला असेल तर खात्यातून रक्कम वळती होण्याचा बँकेतला आदेश नव्या आकड्याचा झाला की नाही, हेही पाहावं.

मुदतीचा आकडा तपासायला आणखी एक कारण आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. रेपोशी जोडलेल्या घरकर्जांचे दर त्याच प्रमाणात वाढले आणि अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली. कर्जदाराला ते कळलंही नाही. पंधरा वर्षं उरलेलं कर्ज वीस-बावीस वर्षांवर गेल्याचं लोकांना पुढं केव्हातरी उतारा पाहताना समजलं. या तक्रारींनंतर १८ ऑगस्ट २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं आदेश काढला. दर बदलल्यावर हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं करायचं, हे कर्जदाराला निवडू द्यायचं, आणि मुदतीत केव्हाही अंशतः किंवा पूर्ण परतफेड करण्याचा पर्यायही द्यायचा. शिवाय दर तिमाहीला असा उतारा उपलब्ध करायचा ज्यात आजवर वसूल झालेलं मुद्दल आणि व्याज, हप्ता, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दिसतील. पार्ट पेमेंटला निघण्यापूर्वी हा उतारा जवळ असावा. मुदत आधीच फुगली असेल, तर नवी रक्कम भरताना ती खाली आणण्याला पहिला मान द्यावा.

आता शुल्काकडे वळू. कर्ज वेळेआधी फेडलं तर बँक दंड लावते, ही समजूत घरकर्जाच्या बाबतीत आता जुनी झाली आहे. फ्लोटिंग दराच्या घरकर्जावर असं शुल्क घेऊ नये असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना जून २०१२ मध्ये सांगितलं. मे २०१४ मध्ये ही सवलत व्यक्तींना दिलेल्या सगळ्या फ्लोटिंग दराच्या मुदत कर्जांना लागू झाली, आणि वित्त कंपन्यांनाही पुढं तसे आदेश गेले. तरीही कुठे पहिल्या बारा महिन्यांची अट, कुठे 'स्वतःच्या पैशानं फेडलं तरच सूट', असे फाटे फोडले जात होते. दुसऱ्या बँकेनं कमी दर देऊ केला आणि कर्ज तिकडे न्यायचं म्हटलं, की नेमकं तिथं शुल्क आडवं यायचं.

२ जुलै २०२५ ला रिझर्व्ह बँकेनं मुदतपूर्व परतफेड शुल्काचे स्वतंत्र निर्देश काढले आणि हे फाटे बंद केले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांना ते लागू आहेत. व्यक्तीनं धंद्याखेरीज अन्य कारणासाठी फ्लोटिंग दरानं घेतलेलं कर्ज असेल, तर ते बँकेचं असो, सहकारी बँकेचं असो वा वित्त कंपनीचं, त्यावर असं शुल्क लावता येत नाही. सहकर्जदार असला तरी नाही, थोडं फेडलं तरी नाही, सगळं फेडलं तरी नाही. पैसा कुठून आला हे विचारायचं नाही आणि किमान इतके महिने थांबा असंही म्हणायचं नाही.

व्यवसायासाठी घेतलेल्या कर्जाचा नियम थोडा वेगळा आहे. व्यक्ती किंवा सूक्ष्म-लघु उद्योगानं फ्लोटिंग दरानं घेतलेल्या व्यवसाय कर्जावर मोठ्या व्यापारी बँका आणि सर्वांत वरच्या वर्गातल्या सहकारी बँका व वित्त कंपन्या शुल्क घेऊ शकत नाहीत. स्मॉल फायनान्स बँका, ग्रामीण बँका, जिल्हा बँका आणि मधल्या वर्गातल्या संस्थांना मात्र ही मनाई फक्त ५० लाखांपर्यंतच्या मंजूर कर्जासाठी आहे. त्याहून मोठं कर्ज असेल तर मंजुरीपत्र वाचावं लागतं. महाराष्ट्रात गल्लोगल्ली असलेल्या पतसंस्था या चौकटीत येतच नाहीत. त्या सहकार खात्याच्या नोंदणीखाली चालतात, त्यांच्यावर रिझर्व्ह बँकेचे हे निर्देश लागू नाहीत, आणि तिथलं शुल्क संस्थेच्या नियमांप्रमाणे असतं.

स्थिर दराचं कर्ज मात्र वेगळं. वैयक्तिक कर्ज आणि वाहन कर्ज बहुधा स्थिर दराचं असतं, आणि त्यावर ठरल्याप्रमाणे शुल्क घेता येतं. ते भरल्या जाणाऱ्या रकमेवर काढायचं असतं, आणि त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पहिली दोन-तीन वर्षं स्थिर आणि मग फ्लोटिंग असं मिश्र कर्ज असेल, तर फेडण्याच्या दिवशी ते कोणत्या दरावर चालू आहे यावर शुल्क ठरतं. म्हणून स्थिर काळ संपायला महिना-दीड महिना उरला असेल तर थांबणं फायद्याचं.

शुल्क असूनही कर्ज फेडावं का, याचंही गणित मांडता येतं. पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज, १४ टक्के दर, पाच वर्षं. हप्ता ११,६३४ रुपये. शुल्क ४ टक्के, जीएसटी धरून ४.७२. दोन वर्षांनी कर्ज बंद करायचं तर शिल्लक असते सुमारे ३ लाख ४० हजार, शुल्क जातं १६ हजारांच्या आसपास, आणि पुढचं ७८ हजारांचं व्याज वाचतं. इथं शुल्क भरूनही कर्ज मिटवावं. हेच कर्ज शेवटचे बारा हप्ते उरले असताना बंद केलं, तर व्याज वाचतं दहा हजार आणि शुल्क जातं सहा हजार. तेवढा पैसा वर्षभर ठेवीत राहिला असता तर काही व्याज मिळालंच असतं, म्हणजे हाती जवळपास काहीच लागत नाही. आणि सहा हप्ते उरले असताना उरलेलं सगळं व्याज असतं २,७६४ रुपयांचं, तर शुल्क ३,१६४. कर्ज लवकर संपवण्याच्या उत्साहात इथं माणूस चारशे रुपये वरून देतो. अशा वेळी निमूट हप्ते भरत राहावेत.

शुल्काचा आकडा शोधायचा तो कर्जाच्या कागदांतल्या 'की फॅक्ट स्टेटमेंट' या तक्त्यात. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसोबत तो द्यावाच लागतो, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत. मराठीत मागितला तर तो नाकारता येत नाही. नव्या निर्देशांनुसार जे शुल्क त्यात लिहिलेलं नाही ते घेता येत नाही. 'प्रशासकीय आकार', 'क्लोजर फी' अशा दुसऱ्या नावानं काही मागितलं, तर तक्त्यात ते कुठे आहे हे दाखवा म्हणावं. बँकेकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर विनाशुल्क तक्रार नोंदवता येते.

पूर्ण कर्ज मिटवताना आधी बँकेकडून फोरक्लोजरचं पत्र घ्यावं. त्यात ठरावीक तारखेपर्यंतची देय रक्कम आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाचं व्याज लिहिलेलं असतं. छत्तीस लाखांच्या शिल्लकीवर हे दिवसाला साडेआठशेच्या घरात जातं, म्हणून पत्रातली तारीख उलटू देऊ नये. पैसे भरल्यावर तीस दिवसांच्या आत मूळ कागदपत्रं परत देणं आणि बोजा उतरवणं हे १ डिसेंबर २०२३ पासून बँकेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीनं उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई कर्जदाराला मिळते. कागद घेताना कर्जाच्या वेळी दिलेल्या यादीशी एकेक ताडून पाहावेत, विशेषतः बिल्डरच्या पहिल्या कराराची मूळ प्रत आणि नोंदणीची पावती. सातबाऱ्यावर बोजा चढवला असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन तो कमी करून घ्यावा, आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढून त्यात हे कर्ज 'बंद' दिसतं का ते पाहावं.